मेमधला एक दिवस, डिसेंबरमधले पंचवीस

मे महिन्यात आमच्या शाळेच्या हजेरीपटावर एकच दिवस भरत असे, १ मे. सकाळी ध्वजवंदन, मग वर्गात हजेरी, मग निकालपत्रकांचे वाटप. वर्षभर दांड्या मारणारे पोरही त्या दिवशी तेल लावून, भांग पाडून हजर असे, कारण निकाल घरी न्यायचा असे. म्हणून मेची शेकडा हजेरी जवळजवळ प्रत्येक नावापुढे शंभर लागे. एक दिवस कामाचा, एक दिवस हजर, शंभर टक्के. हिशेबात खोट काहीच नाही. खोट येते ती पुढच्या पायरीला.

मी चिखलीतल्या एका अनुदानित माध्यमिक शाळेत लिपिक होतो. शिकवायचे काम शिक्षकांचे. माझे काम पगारबिले, दाखले, जनरल रजिस्टर आणि महिन्याच्या शेवटी प्रत्येक वर्गाचा हजेरीपट तपासून मासिक पत्रक तयार करणे. हजेरीपट ज्यांनी हाताळला आहे त्यांना त्याची रचना सांगायला नको, पण इतरांसाठी सांगतो. डावीकडे नावे, वर तारखा, रविवारच्या रकान्यात लाल शाईने उभा ‘रविवार’. प्रत्येक नावापुढे आडवी बेरीज: हे मूल महिन्यात किती दिवस आले. प्रत्येक तारखेखाली उभी बेरीज: त्या दिवशी किती मुले आली. आडव्या बेरजांची बेरीज आणि उभ्या बेरजांची बेरीज उजव्या खालच्या कोपऱ्यात एकच यायला हवी. नाही आली तर कुठे तरी खाडाखोड आहे, पुन्हा मोजा. त्या कोपऱ्यातल्या आकड्याला कामाच्या दिवसांनी भागले की सरासरी हजेरी, आणि तिला पटाने भागून शंभराने गुणले की शेकडा हजेरी.

हे सगळे एका महिन्यापुरते. वर्षाचा आकडा काढायचा प्रसंग वर्षाच्या शेवटी येतो, आणि विदर्भात तो काढताना जून-मे हे दोन महिने जरा जपून हाताळावे लागतात.

आमच्याकडे शाळा उशिरा उघडते. २०२५ सालचेच घ्या. बाकी महाराष्ट्रात शाळा १६ जूनला सुरू झाल्या आणि विदर्भात उन्हामुळे २३ जूनला. चिखलीहून देऊळगावराजा ओलांडले की जालना जिल्हा, म्हणजे मराठवाडा. तिकडच्या शाळेला त्या जूनमध्ये रविवार वगळून १३ दिवस मिळाले, आमच्याकडे ७. (चिखली घाटावर आहे. घाटाखाली मलकापूर-शेगावकडे जून तापतो तसा इथे तापत नाही, पण आदेश विदर्भाचा असतो, घाटाचा नसतो.) काही वर्षी शाळा जूनच्या अगदी शेवटच्या आठवड्यात उघडली आणि जूनचे चारच दिवस भरले. दिवाळीची सुट्टी ज्या महिन्यात पडेल त्याचे दिवस असेच निम्म्यावर येतात. उलट जुलै, डिसेंबर भरगच्च, चोवीस-पंचवीस दिवसांचे. म्हणजे ज्याला आपण ‘बारा महिने’ म्हणतो त्यातला एखादा पंचवीस दिवसांचा, एखादा दहाचा, एखादा चाराचा आणि एक तर एका दिवसाचा.

जुन्या पद्धतीत याने काही बिघडत नसे, कारण वार्षिक गोषवाऱ्यात आम्ही दिवसच लिहायचो. प्रत्येक मुलाच्या नावापुढे बारा महिन्यांचे हजर दिवस, शेवटी त्यांची बेरीज, वर कामाच्या दिवसांची बेरीज, आणि टक्का एकदाच, अगदी शेवटी. मग संगणकावर तक्ता आला. कुणी केला ते विचारू नका, तो पेनड्राइव्हमधून पेनड्राइव्हमध्ये फिरत आमच्यापर्यंत पोहोचला होता. त्यात वर्गशिक्षकांनी दर महिन्याची फक्त शेकडा हजेरी भरायची. वर्षाच्या खान्यात आधीच लिहून ठेवले होते:

```
=AVERAGE(B2:B13)
```

बारा टक्के, त्यांची बेरीज, भागिले बारा. तक्ता दिसायला देखणा होता, पंचाहत्तरच्या खालचा आकडा आपोआप लाल व्हायचा. आमच्या शाळेत त्या लाल यादीला अर्थ होता. पंचाहत्तरच्या खाली गेलेल्या मुलांच्या घरी वर्गशिक्षक जायचे, पालकांशी बोलायचे, पुढच्या वर्षी काय करता येईल ते ठरवायचे.

नववीच्या एका वर्गाचा तक्ता माझ्याकडे आला तेव्हा मला एका मुलीचे नाव काळ्या अक्षरात दिसले, पुढे ७८.४२. मला ते पटेना. डिसेंबरचा हजेरीपट तपासताना तिच्या ओळीत मी ओळीने ‘ग’ पाहिले होते. घर शेतमजुरांचे. सोयाबीनची सोंगणी आणि कापसाची वेचणी या दोन्ही वेळा ती शाळेत नसायची, ही वर्गालाही माहीत असलेली गोष्ट. मग मी बारा महिन्यांचे हजेरीपट काढले आणि तिची ओळ दिवसांत उतरवली.

| महिना | कामाचे दिवस | हजर | शेकडा |
|---|---|---|---|
| जून | ४ | ४ | १०० |
| जुलै | २५ | २२ | ८८ |
| ऑगस्ट | २४ | २१ | ८७.५ |
| सप्टेंबर | २४ | १८ | ७५ |
| ऑक्टोबर | २० | १० | ५० |
| नोव्हेंबर | १० | ९ | ९० |
| डिसेंबर | २५ | १२ | ४८ |
| जानेवारी | २४ | १५ | ६२.५ |
| फेब्रुवारी | २४ | १८ | ७५ |
| मार्च | २० | १६ | ८० |
| एप्रिल | २० | १७ | ८५ |
| मे | १ | १ | १०० |
| एकूण | २२१ | १६३ | |

शेवटच्या रकान्याची बेरीज ९४१. भागिले बारा, ७८.४२. तक्त्याने गणित चुकवले नव्हते. पण मुलगी शाळेत आली १६३ दिवस, शाळा भरली २२१ दिवस. १६३ भागिले २२१ म्हणजे ७३.७६ टक्के. पंचाहत्तरसाठी तिला १६६ दिवस लागले असते. ती तीन दिवसांनी खाली होती आणि तक्ता तिला साडेतीन टक्के वर दाखवत होता.

वर्गशिक्षक तरुण होते, गणिताचेच. त्यांना मी तक्ता दाखवला. ते म्हणाले, “बाबू, दोन्ही सरासरीच आहेत. एक अशी काढली, एक तशी.”

मी म्हटले, “सर, मग ७८.४२ टक्क्यांचे दिवस करून दाखवा.”

त्यांनी केले. २२१ चे ७८.४२ टक्के म्हणजे १७३ दिवस आणि वर काही. हजेरीपटावर १६३. उरलेले दहा दिवस कोणत्या तारखांचे, हे हजेरीपटावर कुठेच दाखवता येईना. माझ्या मते वाद इथेच संपतो. वर्षाचा टक्का खरा असेल तर त्याला कामाच्या दिवसांनी गुणल्यावर हजर दिवस परत मिळायला हवेत. जो आकडा परत गुणला की हजेरीपटावर नसलेले दिवस तयार करतो, तो दुसऱ्या पद्धतीची सरासरी नसून चुकीचा आकडा आहे.

सरांचा पुढचा प्रश्न मात्र चांगला होता. हे दहा दिवस आले कुठून? ते मला नीट सांगता यावे म्हणून मी उलट बाजूने गेलो. बारा भागांच्या सरासरीत प्रत्येक महिन्याला सारखाच वाटा मिळतो, शंभराचा बारावा हिस्सा, म्हणजे ८.३३ टक्के. डिसेंबरला तो वाटा पंचवीस दिवसांत वाटला जातो, म्हणून डिसेंबरचा एक दिवस बुडला तर वर्षाच्या आकड्यात जेमतेम ०.३३ ची घट. मेला तोच वाटा एका दिवसात. १ मेला ती तापाने घरी राहिली असती तर तिची वार्षिक हजेरी या तक्त्यात ७८.४२ वरून थेट ७०.०८ वर आली असती. एका दिवसामुळे! तक्त्याच्या हिशेबात मेमधला एक दिवस डिसेंबरमधल्या पंचवीस दिवसांच्या तोलाचा होता. हजेरीपटाच्या हिशेबात मात्र वर्षातला कुठलाही दिवस बुडवा, २२१ मधला एक बुडतो, ०.४५ टक्के, मग तो निकालाचा असो की वेचणीचा.

मग आम्ही जून, नोव्हेंबर आणि मे हे तीन तोकडे महिने बाजूला काढून पाहिले. उरले नऊ महिने, सगळे वीस ते पंचवीस दिवसांचे. त्यांच्या टक्क्यांची साधी सरासरी ७२.३३. त्यांचे दिवस मोजले तर २०६ पैकी १४९, तेही ७२.३३. सर माझ्याकडे बघत राहिले. फरक सगळाच्या सगळा त्या तीन महिन्यांतून येत होता, ज्यांचे मिळून कामाचे दिवस होते पंधरा.

यातून कळते ते असे. महिन्यांचे दिवस थोडे कमी-जास्त असले तर साध्या सरासरीने फार काही बिघडत नाही, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षे खपून जाते. कुणी चार-दोन मुलांचे आकडे ताडून पाहिले, अर्ध्या टक्क्याचा फरक निघाला, चालते म्हणून सोडून दिले. दर महिन्याला अमुक इतकीच टक्केवारी राखणारे मूल असेल तर दिवस कितीही विषम असोत, दोन्ही आकडे सारखेच येतील. फरक फुगतो तो दोन गोष्टी जुळून आल्या की. महिन्याचे दिवस फार विषम हवेत, आणि ज्या महिन्यांत दिवस थोडे त्याच महिन्यांत हजेरी नेहमीपेक्षा बरीच वेगळी हवी. आमच्याकडे या दोन्ही गोष्टी दरवर्षी ठरल्यासारख्या जुळतात. जूनचे पहिले दिवस नवी पुस्तके मिळण्याचे, मेचा दिवस निकालाचा, दिवाळीनंतरचे दहा दिवस शेतातली घाई जरा ओसरलेली. दिवस थोडे आणि पोरे हजर. उलट ऑक्टोबरची सोंगणी आणि डिसेंबरची वेचणी भरलेल्या महिन्यांत येते.

म्हणून या तक्त्यात शेतात राबणाऱ्या पोरांचेच आकडे सर्वांत जास्त वर जायचे. चिखलीच्या बाजारपेठेतल्या दुकानदारांची मुले वर्षभर सारखी यायची, त्यांच्या आकड्यात दशांशाचाही फरक पडत नसे. ज्या मुलांची शाळा खरोखर सुटत चालली होती नेमकी तीच लाल यादीतून निसटत होती. कुणाला वाटेल आकडा वाढला तर मुलीचे भलेच झाले. पण आमच्या शाळेत त्या यादीवर मुलांना शिक्षा होत नव्हती, त्यांच्या घरी जाणे होत होते.

काही मुलांना हाच तक्ता उलट मारतो. जूनमध्ये मामाच्या गावाहून किंवा कामावरून घर परतायला उशीर झाला आणि चारही दिवस गेले, की जूनला शून्य. तक्ता त्या चार दिवसांसाठी ८.३३ टक्के कापतो. हजेरीपटाने कापायचे तर १.८१. वर्षभर नीट येणारा मुलगा मग विनाकारण पंचाहत्तरच्या काठावर येऊन उभा राहतो.

हेडसरांना हे सांगायला गेलो तेव्हा टक्के-बिक्के काढले नाहीत. त्यांची शेती होती. म्हटले, “सर, वीस क्विंटल सोयाबीन ४,२०० ने गेले आणि निवडून ठेवलेले एक क्विंटल ४,८०० ने गेले. भाव काय पडला?” ते लगेच म्हणाले, “साडेचार हजार कसा म्हणता येईल? एकवीस क्विंटलचे पैसे मोजा ना.” ८८,८०० भागिले २१, म्हणजे ४,२२८ रुपये आणि काही पैसे. साडेचार हजाराने मोजले तर ९४,५०० व्हायला हवेत. वरचे ५,७०० अडत्या देणार नाही. हेडसरांनी तक्ता मागून घेतला आणि पुन्हा कुणाला पटवावे लागले नाही.

दुरुस्ती अगदी लहान होती. तक्त्यात दोन रकाने वाढवले, कामाचे दिवस आणि हजर दिवस, आणि वर्षाच्या खान्यात लिहिले (B मध्ये कामाचे दिवस, C मध्ये हजर):

```
=SUM(C2:C13)/SUM(B2:B13)*100
```

ज्या वर्गाचे हजेरीपट हाताशी नव्हते, फक्त दर महिन्याचा टक्का (D मध्ये) आणि कामाचे दिवस एवढेच होते, तिथे टक्क्याला त्याच्या दिवसांनी गुणून मग बेरीज केली:

```
=SUMPRODUCT(B2:B13,D2:D13)/SUM(B2:B13)
```

याला एक मर्यादा आहे आणि ती अनुभवाने कळते. वर्गशिक्षकांनी ८७.५ चे ८८ करून ठेवले असेल तर २४ दिवसांना गुणल्यावर २१ च्या जागी २१.१२ दिवस येतात. हजर दिवस अपूर्णांकात आले की समजावे, टक्का पूर्णांकात कापलेला आहे. (अर्ध्या दिवसाची हजेरी मांडणाऱ्या शाळा असतील तर .५ येऊ शकतो, .१२ नाही.) त्याने फरक दशांशापुरताच पडतो, पण काठावरच्या मुलासाठी हजेरीपट मागवणेच बरे.

मेची आणखी एक गंमत. एखाद्या वर्षी निकाल एप्रिलमध्येच लागला की मेचे कामाचे दिवस शून्य. टक्का काढायला गेले तर शून्याने भागायचे, आणि खान्यात `#DIV/0!` उगवते. मग कुणी तिथे ० लिहितो, कुणी १०० लिहितो, कुणी खाना रिकामा सोडतो. `AVERAGE` रिकामा खाना मोजत नाही, पण लिहिलेले शून्य मोजतो. त्यामुळे एकाच शाळेच्या तीन वर्गांत एकाच हजेरीचे तीन वेगळे वार्षिक आकडे निघालेले मी पाहिले आहेत. दिवसांची बेरीज करणाऱ्याला हा प्रश्न पडतच नाही. शून्य दिवस मिळवा, बेरीज बदलत नाही.

संपूर्ण वर्गाचा किंवा शाळेचा वार्षिक आकडा काढताना दिवसांबरोबर पटही बदलतो. ऑगस्टमध्ये पट ५८, डिसेंबरमध्ये दोन दाखले गेले की ५६. तिथे भागायचे ते फक्त कामाच्या दिवसांनी नव्हे, तर रोजच्या पटाच्या बेरजेने. हजेरीपटाच्या कोपऱ्यातला तो जुळवलेला आकडा वर, आणि खाली रोज जेवढी मुले पटावर होती त्यांची बेरीज. आणि तुकड्यांच्या टक्क्यांची सरासरी काढून शाळेचा टक्का करू नये, कारण अ तुकडीत ६० मुले आणि क तुकडीत २८ असतील तर तीच चूक पुन्हा होते.

सरकारी योजनांत जिथे पैसा थेट हजेरीवर अवलंबून असतो तिथे ही चूक कमी दिसते. प्राथमिक शाळेत दारिद्र्यरेषेखालच्या मुलींना हजर दिवसाला एक रुपया उपस्थिती भत्ता होता. रुपये द्यायचे तर दिवसच मोजावे लागतात. कुणी १७३ रुपये मागितले आणि हजेरीपट १६३ दाखवतो, तर बिल तिथेच अडकते. आमच्या या टक्क्यावर पैसा नव्हता, म्हणून तो कुणी तपासत नसे.

त्या मुलीच्या घरी वर्गशिक्षक गेले. मीही सोबत गेलो, रस्ता मला माहीत होता. आई ओट्यावर बसून तूर पाखडत होती. सरांनी मुद्दाम टक्के सांगितले नाहीत, दिवस सांगितले: वेचणीत तेरा दिवस, सोंगणीत दहा दिवस. आई म्हणाली, “कापूस फुटला की घरी माणूस लागतेच सर. मजूर भेटत नाही, भेटला तर परवडत नाही.” मग थोडे थांबून म्हणाली, “पन दहावीत नाही बसवणार घरी. तिचे बाबाही म्हणतात.” तिला दिवसांचा हिशेब लगेच कळला, कारण मजुरी ती दिवसांवरच मोजत होती.

अजूनही तो जुना तक्ता फिरतो आहे. आजूबाजूच्या शाळांत मला तो दिसतो, नाव बदललेले, रंग बदललेले, सूत्र तेच. आपल्या शाळेत तो असेल तर ओळखायला दोन मिनिटे लागतात. एखाद्या मुलाचा वार्षिक टक्का घ्या, वर्षाच्या कामाच्या दिवसांनी गुणा, शंभराने भागा, आणि हजेरीपटावरच्या बेरजेशी ताडून पाहा. ताडायला शेतात जाणाऱ्या घरचे मूल निवडा. रोज येणाऱ्या मुलावर ही चूक दिसणार नाही. माझे वर्गशिक्षकांना आणि लिपिक बंधूंना एवढेच सांगणे आहे की महिन्याच्या पत्रकातून पुढे काही पाठवायचे असेल तर टक्का पाठवू नका, कामाचे दिवस आणि हजर दिवस पाठवा. टक्का वर्षाच्या शेवटी एकदाच काढा.